रचनावाद आणि भारताचा अणुबॉम्ब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रचनावाद म्हणजे काय? शिक्षणशास्त्रातला ज्ञानरचनावाद तो हाच का?

नाव जुळते, विषय जुळत नाही. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या वाचकांना ज्ञानरचनावाद ठाऊक असतो. तिथे प्रश्न असतो तो मूल ज्ञान कसे घडवते याचा. आंतरराष्ट्रीय संबंधांतला रचनावाद विचारतो की राष्ट्रे आपले हित, आपले शत्रू आणि आपले मित्र कसे ठरवतात. निकोलस ओनफ यांनी १९८९ मध्ये हे नाव या शाखेत रूढ केले आणि अलेक्झांडर वेन्ट यांच्या १९९२ च्या लेखामुळे ते सर्वत्र पोहोचले. काही मराठी पुस्तकांत 'संरचनावाद' असा शब्द आढळतो, पण तो भाषाशास्त्र व मानववंशशास्त्रातल्या वेगळ्याच परंपरेसाठी वापरला जात असल्याने येथे टाळला आहे.

मूळ प्रतिपादन असे आहे. तोफा, पैसा आणि भूगोल खरेच असतात, पण त्यांचा अर्थ त्या वस्तूंमध्ये नसतो, तर त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या परस्पर समजुतींत असतो. वेन्ट यांनी दिलेला दाखला प्रसिद्ध आहे: अमेरिकेला ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची पाच अण्वस्त्रे अधिक भयावह वाटतात. शस्त्रांची मोजदाद एवढेच गणित असते, तर उत्तर नेमके उलटे यायला हवे होते.

मग वास्तववाद्यांशी भांडण कशावरून आहे?

दोघेही एका गोष्टीपासून निघतात: राष्ट्रांच्या डोक्यावर कोणतेही सरकार नाही. या स्थितीला अभ्यासक 'अराजक' म्हणतात. त्याचा अर्थ गोंधळ असा नसून वरिष्ठ सत्तेचा अभाव एवढाच आहे. वास्तववादी म्हणतात की अशा स्थितीत प्रत्येकाला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते, म्हणून सामर्थ्य वाढवणे अटळ ठरते. वेन्ट म्हणतात की अराजकातून आपोआप काहीच निष्पन्न होत नाही; राष्ट्रे एकमेकांना शत्रू, प्रतिस्पर्धी किंवा मित्र यांपैकी काय मानतात त्यावर त्या अराजकाचा स्वभाव ठरतो, आणि हे मानणे आपसांतल्या व्यवहारांतून घडत आणि मोडत जाते.

हे वाचताना पटते, पण प्रत्यक्ष उदाहरणावर तपासल्याशिवाय त्याचे बळही कळत नाही आणि दुबळेपणाही. म्हणून या पानावर एकच उदाहरण धरले आहे: १९६४ पासून आजवर भारताने अण्वस्त्रांविषयी घेतलेल्या भूमिका.

'ओळख' म्हणजे अस्मिताच ना?

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो, आणि त्याला मराठीतला रोजचा वापर जबाबदार आहे. आपल्याकडे 'अस्मिता' म्हटले की अभिमान, डिवचले जाणे आणि मोर्चा हे सगळे त्या शब्दाबरोबर येते. रचनावादातली ओळख थंड डोक्याने पाहण्याची गोष्ट आहे. आपण कोण आहोत याविषयी एखाद्या राष्ट्राच्या धोरणकर्त्यांची जी समजूत असते आणि इतर राष्ट्रे ती जेवढ्या प्रमाणात मान्य किंवा अमान्य करतात, त्या दोन्हींच्या देवाणघेवाणीतून ती तयार होते. अभिमान हा तिचा एक भाग असू शकेल. पण लाज, संकोच आणि 'हे आपल्याला शोभत नाही' ही भावनाही तिचाच भाग आहे.

दुसरा शब्द 'संकेत'. विशिष्ट ओळखीच्या राष्ट्राने कसे वागावे याविषयीची सामायिक अपेक्षा म्हणजे संकेत. तो मोडता येतो, पण मोडल्यावर खुलासा द्यावा लागतो. खुलासा देण्याची ही गरजच संकेत जिवंत असल्याची खूण मानली जाते.

भारताने बॉम्ब बनवला तो चीनच्या भीतीने. यात ओळखीचा प्रश्न कुठे येतो?

भीती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९६२ चे युद्ध झाले आणि १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिली अणुचाचणी केली. त्याच सुमारास तुर्भ्याला प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना उभा राहिला होता, आणि त्याला इंधन पुरवणारी सायरस अणुभट्टी १९६० पासून चालू होती. चीनच्या स्फोटानंतर आठवडाभरात, २४ ऑक्टोबरला, होमी भाभा यांनी आकाशवाणीवरील भाषणात पन्नास बॉम्बचा साठा दहा कोटी रुपयांहून कमी खर्चात होऊ शकेल असा अंदाज मांडला. हा अंदाज फारच आशावादी होता, परंतु त्यामुळे बॉम्ब परवडतो का हा प्रश्न चव्हाट्यावर आला.

भीतीचा हिशेब एकटाच पुरेसा असता, तर यानंतर घाई व्हायला हवी होती. प्रत्यक्षात पहिला स्फोट दहा वर्षांनी झाला. त्यानंतर पुन्हा चोवीस वर्षे एकही चाचणी झाली नाही, आणि अण्वस्त्रधारी असल्याची उघड घोषणा चीनच्या स्फोटानंतर तब्बल चौतीस वर्षांनी आली. तांत्रिक अडचणी, पैशाची चणचण, १९६६ च्या जानेवारीत तेरा दिवसांच्या अंतराने झालेले शास्त्री आणि भाभा यांचे मृत्यू, आणि त्यानंतर अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी आलेल्या विक्रम साराभाई यांची बॉम्बविषयीची नाराजी, ही सगळी कारणे खरी आहेत. तरीही १९७४ ते १९९८ ची चोवीस वर्षे त्यांनी भरून निघत नाहीत, कारण तोवर करता येते हे सिद्ध झाले होते. शेजार तोच, शत्रू तेच, तंत्र हाती. मग थांबणे कशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

१९७४ च्या स्फोटाला 'शांततामय' म्हणणे ही निव्वळ मखलाशी नव्हती का?

बऱ्याच अंशी होती. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे जमिनीखाली शंभरेक मीटर खोलीवर जे उपकरण उडवण्यात आले, त्याचा उल्लेख अणुऊर्जा आयोगाने 'शांततामय अणुस्फोटाचा प्रयोग' असा केला आणि अण्वस्त्रे बनवण्याचा इरादा नसल्याचे सांगितले. त्या चमूचे नेतृत्व केलेल्या राजा रामण्णा यांनी पुढे १९९७ मध्ये तो बॉम्बच होता असे जाहीरपणे सांगून टाकले. मग रचनावाद्यांनी या शब्दाला एवढे महत्त्व का द्यावे?

पहिले कारण असे की तो शब्द दिल्लीत कोणी आयत्या वेळी घडवलेला नव्हता. कालवे खणणे, भूमिगत साठे तयार करणे, तेल व वायू मोकळे करणे यांसाठी अणुस्फोट वापरण्याच्या योजना अमेरिकेने आणि सोव्हिएत संघाने गंभीरपणे चालवल्या होत्या. सोव्हिएत संघाने तर असे शंभराहून अधिक स्फोट केले. १९६८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या पाचव्या कलमात शांततामय स्फोटांचे लाभ इतरांना देण्याची तरतूदच आहे. म्हणजे हा प्रवर्ग तेव्हा जगमान्य होता, आणि भारत त्यात जाऊन बसला.

दुसरे कारण कागदपत्रांतले आहे, आणि ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. सायरस अणुभट्टी कॅनडाने दिली होती आणि तिचे जड पाणी अमेरिकेचे होते. १९५६ च्या करारात तिचा वापर शांततामय कारणांसाठीच होईल असे वचन होते, पण 'शांततामय' कशाला म्हणायचे याची व्याख्या नव्हती. १९७१ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान त्रुदो यांनी इंदिरा गांधींना लिहून कळवले की कॅनडाच्या साहित्यातून स्फोट झाल्यास संबंधांचा फेरविचार होईल. भारताने हा अर्थ स्वीकारला नाही. पोखरणला सायरसमधलेच प्लुटोनियम वापरले गेले. कॅनडाने काही दिवसांतच अणुसहकार्य स्थगित केले, राजस्थानातल्या रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी भारतीय अभियंत्यांना स्वतःच्या बळावर पुरी करावी लागली, आणि पुरवठादार देश एकत्र येऊन पुढे अणुपुरवठादार गट म्हणून ओळखला जाणारा गट तयार झाला. तारापूरच्या अमेरिकी बनावटीच्या भट्ट्यांचे इंधनही या वादात अडकले. एका शब्दाच्या अर्थावरचे मतभेद थेट पालघर जिल्ह्यातल्या वीजनिर्मितीपर्यंत पोहोचले, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दिलेले नाव देणाऱ्यालाही बांधते. 'शांततामय' म्हटल्यावर लगेच दुसरी चाचणी करणे, सैन्याच्या हाती बॉम्ब देणे, त्याचे धोरण जाहीर करणे या सर्व गोष्टी अवघड झाल्या, कारण त्यातल्या प्रत्येकीने पहिले विधान खोटे पाडले असते. मखलाशी म्हणून वापरलेला शब्द पुढे कुंपण झाला. तेवढ्यानेच चोवीस वर्षांचा खुलासा होतो असा दावा नाही; निर्बंधांचे भयही होतेच. पण सरकारे बदलली तरी 'आम्ही करू शकतो, पण करत नाही' हे वाक्य सगळ्यांनी जवळपास जसेच्या तसे चालवले, आणि हे सातत्य केवळ भीतीने समजत नाही.

प्रसारबंदी करारावर भारताने सही का केली नाही?

करारातल्या एका तारखेत या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. नवव्या कलमानुसार १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेले राष्ट्र तेवढे 'अण्वस्त्रधारी'. बाकीची सर्व कायमची अण्वस्त्रहीन. १९६४ मध्ये स्फोट केलेला चीन या रेषेच्या अलीकडे सुखरूप राहिला आणि भारत पलीकडे गेला. सुरक्षेच्या दृष्टीने हे गैरसोयीचे होतेच, पण दिल्लीची भाषा गैरसोयीची नव्हती, अन्यायाची होती. वसाहतवादातून बाहेर आलेल्या देशाला पुन्हा एकदा दोन वर्गांपैकी खालच्या वर्गात बसवले जात आहे, अशी ती मांडणी होती. १९९८ च्या चाचण्यांनंतर जसवंत सिंह यांनी अमेरिकी वाचकांसाठी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच 'आण्विक वर्णभेद' हा शब्दप्रयोग होता.

१९९८ मध्ये ओळख बदलली म्हणून चाचण्या झाल्या का?

'ओळख बदलली' असे म्हणणे सोपे आहे आणि बहुधा चूक आहे. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पाच स्फोट झाले. या वेळी दोन वेगळ्या श्रोत्यांशी दोन वेगळ्या भाषांत बोलले गेले. वाजपेयी यांनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना पाठवलेल्या आणि लगोलग वृत्तपत्रात छापून आलेल्या पत्रात सीमेवरच्या अण्वस्त्रधारी राष्ट्राचा, म्हणजे चीनचा, दाखला होता: ती वास्तववादाची भाषा. २७ मे रोजी संसदेत ठेवलेल्या निवेदनाचा आशय मात्र निराळा होता. अण्वस्त्रधारी राष्ट्र हा दर्जा आम्ही कोणाकडे मागत नाही आणि तो कोणी बहालही करायचा नाही. तो भारताचा हक्क आहे, मानवजातीच्या एक षष्ठांश लोकांचा अधिकार आहे, असे त्यात म्हटले होते. दर्जा, हक्क, अधिकार: सुरक्षेच्या हिशेबात या शब्दांचे काम नाही.

सुरक्षा परिषदेने ६ जून रोजी ठराव ११७२ द्वारे उत्तर दिले, की करारानुसार भारत किंवा पाकिस्तान यांना अण्वस्त्रधारी राष्ट्राचा दर्जा मिळू शकत नाही. बॉम्ब आहे की नाही याबद्दल कोणाचाच वाद नव्हता. वाद होता तो त्या बॉम्बवाल्याला काय म्हणायचे याचा. ओळख ही एकट्याने ठरवायची गोष्ट नसते, ती इतरांनी मानावी लागते, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मग 'जबाबदार राष्ट्र' हे नाव कसे मिळाले?

हळूहळू, आणि मोजून दिलेल्या वागण्याच्या बदल्यात. भारताने स्वतःहून पुढच्या चाचण्या थांबवल्याचे जाहीर केले. आपण प्रथम अण्वस्त्र वापरणार नाही ही भूमिका अणुधोरणाच्या १९९९ च्या मसुद्यात आणि ४ जानेवारी २००३ च्या अधिकृत निवेदनात आली. त्यात जैविक वा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला होता, हेही लक्षात ठेवावे. तंत्रज्ञान बाहेर न विकल्याचा इतिहास पुन्हा पुन्हा पुढे केला गेला.

त्यानंतर १८ जुलै २००५ रोजी मनमोहन सिंग आणि बुश यांच्या संयुक्त निवेदनात एक नवाच प्रवर्ग अवतरला: 'प्रगत अणुतंत्रज्ञान असलेले जबाबदार राष्ट्र'. शब्दरचना पाहा. 'अण्वस्त्रधारी' म्हटले असते तर १९६७ ची रेषा मोडली असती. 'अण्वस्त्रहीन' म्हटले असते तर भारताने सही केली नसती. दोन्ही टाळून तिसरी जागा बनवली, आणि अशा इतर राष्ट्रांना मिळणारे लाभ भारताला मिळावेत असे पुढे जोडले.

ही जागा फुकट मिळाली नाही. नागरी आणि लष्करी अणुप्रकल्प वेगळे करणाऱ्या २००६ च्या विभाजन योजनेत भारताने बावीसपैकी चौदा वीजभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणण्याचे मान्य केले, आणि सायरस २०१० अखेर कायमची बंद झाली. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाच्या बैठकीत ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड यांसारखे देश अडून बसले. ५ तारखेला परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी चाचणीबंदीची वचनबद्धता पुन्हा सांगणारे निवेदन काढले आणि ६ तारखेला प्रसारबंदी करारावर सही नसतानाही भारताशी अणुव्यापार करू देणारी सवलत मंजूर झाली. जैतापूरसारख्या परदेशी भट्ट्यांच्या प्रकल्पांची बोलणी या सवलतीनंतरच शक्य झाली.

वास्तववादी येथे म्हणतील की अमेरिकेला चीनसमोर भारत हवा होता, म्हणून हे घडले. प्रेरणा म्हणून ते बरोबर आहे. पण अमेरिकेला इच्छा असूनही थेट दर्जा देता आला नाही, नवे नाव शोधावे लागले आणि छोट्या देशांची समजूत घालावी लागली. महासत्तेलाही ज्या वाटेने वळसा घालावा लागतो, ती वाट संकेतांनी आखलेली असते.

हे सारे बोलण्यापुरते नाही, हे ओळखायचे कसे?

काळजीपूर्वक काम करणारे अभ्यासक साधारण तीन गोष्टी पाहतात. त्या भूमिकेसाठी खरी किंमत मोजली गेली का. तशी मोजली नसेल तर शब्द स्वस्त होते असे धरावे. प्रसारबंदी करारावर सही न करण्यासाठी भारताने अनेक दशके इंधन आणि तंत्रज्ञान गमावले, म्हणून ही भूमिका या कसोटीला उतरते. दुसरे म्हणजे, बंद दाराआडची भाषा आणि व्यासपीठावरची भाषा जुळते का. अभिलेखागारातल्या टिपणांत केवळ चीनची क्षेपणास्त्रे दिसत असतील आणि समतेचा उल्लेख फक्त भाषणांत येत असेल, तर रचनावादी स्पष्टीकरण लंगडे पडते. तिसरे असे की, काही पर्याय मांडलेच गेले नाहीत का. नाकारलेल्या पर्यायापेक्षा कोणाच्या डोक्यातच न आलेला पर्याय ओळखीविषयी अधिक सांगतो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या अण्वस्त्रछत्राखाली औपचारिकपणे जाणे. जपानने ते केले. दिल्लीत १९६४ नंतर बड्या सत्तांकडून हमी मिळते का याची चाचपणी झाली, पण एका गटाशी कराराने बांधून घेणे हा पर्याय अलिप्ततेच्या चौकटीत फार पुढे सरकूच शकला नाही.

रचनावाद कुठे अपुरा पडतो?

तारखेपाशी. भारताची वसाहतोत्तर, समतेचा आग्रह धरणारी आणि विज्ञानाभिमानी ओळख १९६५ मध्येही होती, १९८५ मध्येही होती. तिच्यातून संयमही निघतो आणि स्फोटही निघतो: 'आम्ही नैतिक राष्ट्र आहोत म्हणून बॉम्ब नको' आणि 'आम्ही कोणापेक्षा कमी नाही म्हणून बॉम्ब हवा' ही दोन्ही वाक्ये एकाच घरातली आहेत. १९९८ च्या मे महिन्यातच का, याचे उत्तर शोधायला नेतृत्व, सत्तेवर आलेला पक्ष, १९९५ मध्ये प्रसारबंदी कराराला मिळालेली बेमुदत वाढ आणि १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारामुळे मिटत चाललेली संधी, इथे यावे लागते. अण्वस्त्रप्रसाराचे अभ्यासक जॅक हायमन्स यांनी यासाठी राष्ट्राऐवजी नेत्याच्या मनातली ओळख पाहावी असे सुचवले आहे; त्याने तारखेचा प्रश्न काहीसा सुटतो, पण मग 'राष्ट्राची ओळख' ही कल्पना विरळ होत जाते.

राष्ट्रे अण्वस्त्रे का बनवतात याची सुरक्षा, देशांतर्गत राजकारण आणि संकेत अशी तीन स्पष्टीकरणे अमेरिकी अभ्यासक स्कॉट सेगन यांनी १९९६ मध्ये शेजारी ठेवली होती. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तिघांना समान गुण वाटून मोकळे होण्याची सवय आहे, ती सोडावी. भारतापुरते माझे मत असे की बॉम्ब हवासा वाटण्यात सुरक्षेचा वाटा मोठा आहे, स्फोटाची वेळ देशांतर्गत राजकारणाने ठरवली, आणि त्या दोन्हींच्या मधला प्रदीर्घ काळ तसेच नंतर मिळालेली मान्यता ओळख व संकेत यांशिवाय समजत नाही.

'प्रथम वापर नाही' हा संकेत आता ढिला होतो आहे का?

१६ ऑगस्ट २०१९ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी पोखरणला भेट दिली असता, हे धोरण आजवर पाळले असून पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून असेल, असे विधान केले. त्यानंतरही अधिकृत धोरण बदललेले नाही. अशा वेळी एका विधानावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा त्यावरच्या प्रतिक्रियेकडे पाहावे. विधानानंतर खुलासे मागितले जातात, निवृत्त अधिकारी लेख लिहितात, परराष्ट्र खाते जुनेच शब्द पुन्हा वापरते, तोवर संकेत शाबूत आहे. असे एखादे वाक्य उच्चारले जाईल आणि त्यावर कोणी प्रश्नच विचारणार नाही, तेव्हा तो गेला असे समजावे.